एडिटर अडखळत का नाही: एका प्रोसेसरच्या वाटणीचा हिशोब

"एकाच कोअरवर आकडेमोडीचा जड प्रोग्राम चालू असतो, प्रोसेसर शंभर टक्के दिसतो, तरी एडिटरमध्ये टाइप केलेलं अक्षर लगेच उमटतं. एडिटर महत्त्वाचा आहे हे लिनक्सला कसं कळतं? आणि nice दिलं की आत नक्की काय बदलतं? मला कधी त्याचा फरक दिसतो, कधी अजिबात दिसत नाही."

कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. शेड्यूलर प्रत्येक प्रोग्रामच्या नावावर एक आकडा ठेवतो: यानं आतापर्यंत प्रोसेसर किती वापरला. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, त्याची पुढची पाळी. एडिटर बहुतेक वेळ तुम्ही कळ दाबण्याची वाट पाहत झोपलेला असतो, त्यामुळे त्याचा आकडा फारसा वाढतच नाही आणि जाग आली की त्याचा नंबर आधी लागतो. nice त्या आकड्याचा वाढण्याचा वेग बदलतं. मात्र हा आकडा कोणाच्या तुलनेत मोजला जातो, इथे खरी मेख आहे. "कधी फरक दिसतो, कधी नाही" याचं उत्तर तिथेच आहे, पण तिथपर्यंत टप्प्याटप्प्यानं जावं लागेल.

सुरुवात एका गोष्टीपासून करू, जी बऱ्याचदा सुटून जाते. तुमचा आकडेमोडीचा प्रोग्राम कोअरवर चालू असतो तेव्हा कर्नल त्या कोअरवर चालू नसतो. एका क्षणी एकच. कर्नल कुठे मागे बसून पाहत नसतो. मग एखादा प्रोग्राम फाइल न वाचता, काही न छापता नुसता लूपमध्ये फिरत राहिला, तर कोअर त्याच्या हातून काढून कोण घेणार?

हे काम टायमर करतो. कर्नल सुरू होतानाच हार्डवेअरच्या टायमरला सांगून ठेवतो की ठरावीक अंतरानं इंटरप्ट दे. बऱ्याच डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये हा दर सेकंदाला 250 असतो, म्हणजे दर 4 मिलिसेकंदांनी एक टिक. काही ठिकाणी तो 1000 असतो, मग टिक 1 मिलिसेकंदाचा. इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातली सूचना संपवून थेट कर्नलच्या कोडमध्ये उडी मारतो. चालू प्रोग्रामची परवानगी कोणी विचारत नाही. त्या प्रोग्रामला इंटरप्ट बंदही करता येत नाहीत, कारण x86 वर त्यासाठी असलेली `cli` ही सूचना साध्या प्रोग्रामनं दिली तर प्रोसेसर स्वतःच ती नाकारतो आणि तो प्रोग्राम मारला जातो. एकाच कोअरची वाटणी शक्य होते ती हार्डवेअरमधल्या या बंदोबस्तामुळे. शेड्यूलरची सगळी हुशारी त्यानंतरची.

टिकला कर्नल जागा झाला की तो चालू प्रोग्रामच्या खात्यावर गेलेला वेळ मांडतो आणि बघतो, आता याला थांबवायला हवं का. हवं असेल तर एक खूण करून ठेवतो, आणि इंटरप्टमधून परत जाताना ती खूण दिसली की कॉन्टेक्स्ट स्विच होतो. म्हणजे जुन्या प्रोग्रामची रजिस्टरं त्याच्या कर्नल स्टॅकवर जपून ठेवायची, नव्याचं पेज टेबल लावायचं, नव्याची रजिस्टरं भरायची आणि तो जिथे थांबला होता तिथून पुढे चालू करायचा. या अदलाबदलीला स्वतःला एखाद-दोन मायक्रोसेकंद लागतात. खरी किंमत त्यानंतर मोजावी लागते: नव्या प्रोग्रामचा डेटा कॅशेमध्ये नसतो, तो मेमरीतून पुन्हा आणेपर्यंत प्रोसेसर संथ चालतो. पाळ्या अगदी बारीक करून सगळ्यांना चटकन संधी द्यावी असं वाटतं, पण तसं केलं तर कोअरचा बराचसा वेळ या कॅशे भरण्यातच जाईल. म्हणून पाळी काही मिलिसेकंदांची ठेवलेली असते.

आता आकड्याकडे येऊ. लिनक्समध्ये त्याचं नाव `vruntime`. नॅनोसेकंदांत मोजलेला हा "आभासी" वेळ आहे. 2007 मध्ये 2.6.23 या आवृत्तीत इंगो मोल्नार यांनी सीएफएस हा शेड्यूलर आणला, तेव्हापासून हा हिशोब चालत आलेला आहे. नियम एवढाच:

```
vruntime += खरा_वेळ × 1024 / वजन
```

वजन ठरतं nice वरून. nice 0 चं वजन 1024, म्हणजे साध्या प्रोग्रामचा आभासी वेळ खऱ्या वेळेइतकाच वाढतो. nice ची एक पायरी वाढली की वजन साधारण सव्वापटीनं घटतं: 1 ला 820, 5 ला 335, 10 ला 110 आणि 19 ला फक्त 15. हे आकडे कर्नलच्या कोडमध्ये तक्ता म्हणून लिहिलेले आहेत.

दोन प्रोग्राम घ्या, दोन्ही न थांबता आकडेमोड करणारे. 'क' ला nice 0, 'ख' ला nice 5. सोयीसाठी प्रत्येक पाळी 3 मिलिसेकंदांची धरू. दोघांचे आकडे शून्यावर. 'क' आधी चालला, त्याचा आकडा 3 झाला. आता 'ख' मागे आहे, म्हणून तो 3 मिलिसेकंद चालला. पण त्याचं वजन 335, त्यामुळे 1024 भागिले 335, म्हणजे सुमारे 3.06 पट मांडणी होऊन त्याचा आकडा 9.17 वर गेला. आता 'क' मागे: 3 वरून 6, मग 9. अजूनही 9.17 पेक्षा कमी, म्हणून आणखी एक पाळी, 12. आता कुठे 'ख' मागे पडला. तो चालला आणि 18.34 वर गेला. मग 'क' ची 15, 18, 21 अशी पुन्हा तीन पाळ्यांची धाव. 'ख' च्या एका पाळीमागे 'क' च्या साधारण तीन. बराच वेळ चालू दिलं तर 'क' ला 1024 भागिले 1359, म्हणजे 75.3 टक्के कोअर मिळतो आणि 'ख' ला उरलेला 24.7 टक्के. पाळीची लांबी बदलली तरी हे प्रमाण बदलत नाही, कारण ते आकड्यांच्या शर्यतीतून येतं.

"याला 75 टक्के दे" असं कुठेही लिहिलेलं नाही, हे मला या रचनेतलं सगळ्यांत सुंदर वाटतं. मागच्याला पुढे आणायचं, एवढ्याच नियमातून ते प्रमाण आपोआप उगवतं. 'क' मध्येच संपला तर दुसरं काहीच न बदलता 'ख' ला सगळा कोअर मिळतो. nice 19 दिलेला प्रोग्रामही मोकळ्या मशीनवर पूर्ण वेगानं धावतो, तो याच कारणानं.

हे स्वतः पाहायचं असेल तर एकाच टर्मिनलमधून हे चालवा. "एकाच" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पुढे येईल.

```
taskset -c 0 sh -c 'while :; do :; done' &
taskset -c 0 nice -n 5 sh -c 'while :; do :; done' &
top
```

`taskset` दोन्ही लूप कोअर 0 वर बांधतो. ते केलं नाही तर मशीनमध्ये अनेक कोअर असतील तेव्हा दोघं वेगवेगळ्या कोअरवर जातील आणि दोन्ही शंभर टक्के दिसतील. बांधल्यावर `top` मध्ये 75 आणि 25 च्या आसपासचे आकडे दिसायला हवेत. झालं की `kill %1 %2` करायला विसरू नका.

आता तिसरा गडी: तुमचा एडिटर. तो कीबोर्डकडून काही येईपर्यंत `read` किंवा `poll` मध्ये थांबलेला असतो. थांबलेला म्हणजे पाळीच्या रांगेतच नाही. शेड्यूलरला तो दिसतही नाही, त्यामुळे रांगेत कितीही प्रोग्राम असले तरी तो कोणाचा वेळ खात नाही. तुम्ही कळ दाबता. कीबोर्डचा इंटरप्ट येतो, जड प्रोग्राम मध्येच थांबतो, कर्नल ती कळ योग्य जागी पोचवतो आणि तिची वाट पाहणाऱ्या एडिटरला उठवून रांगेत घालतो. त्याच वेळी तुलना होते: जागा झालेल्याचा आकडा चालू असलेल्यापेक्षा पुरेसा मागे आहे का? असेल तर पुढच्या टिकची वाटही न पाहता अदलाबदल होते. एडिटर अक्षर मांडतो, त्याला मिलिसेकंदाहून कमी वेळ पुरतो, आणि तो पुन्हा झोपतो. जड प्रोग्रामच्या दृष्टीनं काही घडलंच नाही.

इथे एक शंका यायला हवी. एडिटर तासभर झोपला तर त्याचा आकडा तासभर मागे राहील. मग उठल्यावर त्यानं जड काम सुरू केलं, तर बाकीचे तासभर उपाशी राहतील का? नाही, कारण झोपेचं उट्टं पूर्ण काढू दिलं जात नाही. सीएफएसमध्ये उठणाऱ्याचा आकडा तेव्हाच्या रांगेतल्या सगळ्यांत लहान आकड्याजवळ ओढून आणला जाई. एका कोअरच्या मूळ मांडणीत त्याला फार तर 3 मिलिसेकंदांची सवलत मिळे. म्हणजे लवकर पाळी मिळण्याइतका फायदा, साठवून ठेवण्याइतका नाही.

2023 च्या अखेरीस 6.6 कर्नलमध्ये पीटर झायल्स्ट्रा यांनी निवडीचा नियम बदलला. नवा शेड्यूलर ईईव्हीडीएफ या नावानं ओळखला जातो आणि त्याचं मूळ 1995 च्या एका संशोधनात आहे. वजनं तीच, `vruntime` ची मांडणी तीच. फक्त "सगळ्यांत मागचा तो पुढे" याऐवजी आता दोन प्रश्न विचारले जातात. आधी: आपल्या न्याय्य वाट्यापेक्षा जास्त कोणी घेतलेलं नाही? तेवढेच पात्र. मग त्या पात्रांपैकी कोणाची पाळी आभासी वेळेत सर्वांत आधी पूर्ण व्हायला हवी? तो निवडायचा. फायदा असा की थोडं-थोडं पण वारंवार हवं असणाऱ्या प्रोग्रामला लहान पाळी मागता येते आणि ती लवकर मिळते. एकूण वाटा मात्र वाढत नाही. आधी ही घाई आणि वाटा एकाच nice मध्ये गुंतलेले होते. बदल्यात, नुकत्याच पाळी मिळालेल्याला ती थोडी पुरी करू देण्याचाही प्रयत्न होतो, म्हणून उठलेल्या एडिटरला कधी दोन-तीन मिलिसेकंद थांबावं लागतं. सेकंदाला 60 वेळा रंगणाऱ्या स्क्रीनवर एक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकतं, तेव्हा हे डोळ्याला कळत नाही.

मग बिघडतं कधी? एडिटर स्वतः जड झाला की. समजा तुम्ही मोठी फाइल उघडली आहे आणि एका कळीनंतर रंगसंगती नव्यानं लावायला एडिटरला 20 मिलिसेकंद कोअर लागतो. त्याच कोअरवर कंपायलरचे आठ जॉब चालू आहेत, सगळे nice 0. पहिली पाळी एडिटरला पटकन मिळेल, पण ती संपताच तो इतरांच्या बरोबरीला येईल आणि नऊ जणांत एक होईल. 20 मिलिसेकंदांचं काम पुरं व्हायला जवळपास 180 मिलिसेकंद लागतील. टाइप करणाऱ्याला हे स्पष्ट जाणवतं: अक्षरं मागून येतात. शेड्यूलर इथे चुकलेला नाही. नऊ दावेदारांत त्यानं समान वाटणी केली, आणि एडिटर वेगळा आहे हे त्याला माहीत नव्हतं.

आता कंपायलरच्या आठही जॉबना nice 19 द्या. त्यांचं एकूण वजन आठ पंधरे 120, एडिटरचं एकट्याचं 1024. एडिटरला 1144 पैकी 1024, म्हणजे साडेएकोणनव्वद टक्के मिळतात आणि तेच 20 मिलिसेकंदांचं काम 22-23 मिलिसेकंदांत उरकतं. कागदावर तरी.

कागदावर म्हणतो, कारण प्रत्यक्षात बऱ्याच डेस्कटॉपवर तुम्हाला 180 ही दिसणार नाही आणि 22 ही नाही. दोन्ही वेळा 40 च्या आसपास दिसेल. हेच तुमच्या प्रश्नातलं "कधी फरक दिसत नाही". 2011 मध्ये 2.6.38 पासून लिनक्समध्ये ऑटोग्रुप आहे. तो चालू असेल तर प्रत्येक सेशनचा, म्हणजे व्यवहारात प्रत्येक टर्मिनलचा, एक गट होतो. आधी वाटणी गटांमध्ये होते, मग गटाच्या आत. कंपायलरचे आठ जॉब एका टर्मिनलच्या गटात, एडिटर दुसऱ्यात. दोन गटांना अर्धा-अर्धा कोअर. एडिटरचे 20 मिलिसेकंद म्हणून 40 मध्ये होतात, तुम्ही काही न करता. पण आता nice ची तुलना फक्त गटाच्या आत होते. आठही जॉबना 19 दिलं तर ते आपसांत समानच राहतात आणि त्यांच्या गटाचा अर्धा वाटा जसाच्या तसा राहतो. तुम्ही nice दिलेलं असतं, `top` च्या `NI` रकान्यात 19 दिसत असतो, आणि परिणाम शून्य.

तुमच्या मशीनवर काय आहे ते असं बघा, `PID` च्या जागी त्या प्रोग्रामचा क्रमांक घालून:

```
cat /proc/sys/kernel/sched_autogroup_enabled
cat /proc/PID/autogroup
cat /proc/PID/cgroup
```

पहिल्या ओळीचं उत्तर 1 आलं तर ऑटोग्रुप चालू आहे. दुसरीत गटाचा क्रमांक आणि गटाचा स्वतःचा nice दिसतो. बदलायचा तो हा: जॉब चालू असलेल्या टर्मिनलमध्ये `echo 19 > /proc/self/autogroup` केलं की अख्खा गट हलका होतो. मात्र systemd असलेल्या मशीनवर प्रोग्राम बहुधा सीग्रुप या दुसऱ्या प्रकारच्या गटांमध्ये असतात, आणि त्या सीग्रुपवर सीपीयूचं नियंत्रण चालू असेल तर ऑटोग्रुप बाजूला पडून सीग्रुपचं `cpu.weight` चालतं. ते डिफॉल्टनं 100 असतं. तिसरी ओळ प्रोग्राम कोणत्या सीग्रुपमध्ये आहे ते सांगते. तत्त्व दोन्हीकडे एकच: nice ज्या गटात दिलं त्या गटाबाहेर पोचत नाही. वर प्रयोग एकाच टर्मिनलमधून करा म्हटलं ते यासाठी. दोन टर्मिनलमधून केलात तर 75 आणि 25 ऐवजी 50 आणि 50 दिसण्याची शक्यता मोठी.

शेवटी, एखादा प्रोग्राम संथ आहे आणि दोष वाटणीचा आहे की आणखी कशाचा, हे अंदाजानं ठरवू नका. कर्नल ते मोजून ठेवतो:

```
$ cat /proc/PID/schedstat
2465000000 7535000000 620
```

पहिला आकडा प्रोग्राम कोअरवर किती नॅनोसेकंद होता त्याचा, दुसरा तो चालायला तयार असून रांगेत किती थांबला त्याचा, तिसरा किती वेळा पाळी मिळाली त्याचा. वरच्या उदाहरणातला 'ख' दहा सेकंद चालला तर साधारण असं दिसेल: अडीच सेकंद काम, साडेसात सेकंद रांग, आणि भागाकार केला तर पाळी सरासरी 4 मिलिसेकंदांची. मी वर 3 धरली होती. इथे 4 येते, कारण पाळी संपली का हे मुख्यतः टिकला तपासलं जातं आणि 250 च्या दरानं टिक 4 मिलिसेकंदांनी येतो.

काही सेकंदांच्या अंतरानं दोनदा वाचा आणि फरक काढा. दुसरा आकडा पहिल्याच्या तुलनेत झपाट्यानं वाढत असेल तर प्रोग्राम कोअरसाठी अडलेला आहे. तिथे nice, गटाचं वजन किंवा जॉबची संख्या कमी करणं यांचा उपयोग होतो. त्याच्या जोडीला `/proc/PID/status` मधल्या दोन ओळी पाहा. `nonvoluntary_ctxt_switches` वाढतोय म्हणजे कोअर त्याच्याकडून काढून घेतला जातोय. `voluntary_ctxt_switches` वाढतोय म्हणजे तो स्वतःहून थांबतोय, कशाची तरी वाट पाहत.

`schedstat` मधले पहिले दोन आकडे जवळपास वाढत नसतील आणि तरी प्रोग्राम अडलेला असेल, तर तो रांगेतच नाही. डिस्ककडून, नेटवर्ककडून किंवा दुसऱ्या कोणी धरून ठेवलेल्या लॉकवरून उत्तर यायचं आहे. `top` मध्ये त्याच्यापुढे `S` किंवा `D` दिसेल. `D` असेल तर बहुधा डिस्क. `vmstat 1` मधला `wa` रकाना आणि `b` मधली संख्या त्याला दुजोरा देतात. लिनक्सचा लोड अ‍ॅव्हरेज या `D` वाल्यांनाही मोजतो, म्हणून लोड 8 आणि प्रोसेसर मोकळा असं चित्र दिसू शकतं. अशा प्रोग्रामला nice -20 दिलं तरी काही होणार नाही: वजन वाढवून पाळी लवकर आणता येते, पण पाळी मागायला तो रांगेत आलेला असावा लागतो.